पाचास एक : अवकाशाचं तापमान सांगणारं गुणोत्तर

मे-जूनच्या संध्याकाळी आग्नेयेला ज्येष्ठेचा तांबूस तारा वर येतो. त्याच्या उत्तरेला सोळा-एक अंशांवर भुजंगधारी तारकासमूहातला एक मध्यम तेजाचा तारा आहे, झीटा ऑफियुची. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो, पण मुद्दाम बघावं असं त्यात काही नाही. आपल्या आणि त्याच्या मध्ये मात्र वायूचा एक विरळ ढग आहे. ताऱ्याचा प्रकाश त्या ढगातून येतो तेव्हा ढगातले अणू-रेणू आपापल्या आवडीच्या तरंगलांबीचा प्रकाश गिळतात आणि वर्णपटात बारीक काळ्या रेषा उमटतात.

१९४० मध्ये कॅनडातल्या डोमिनियन ॲस्ट्रोफिजिकल ऑब्झर्व्हेटरीच्या अँड्र्यू मॅकेलर यांनी अशीच एक रेषा सायनोजेनची म्हणून ओळखली. हा कार्बनचा एक आणि नायट्रोजनचा एक अणू जोडून झालेला रेणू. ही रेषा ३८७.४६ नॅनोमीटरवर, जांभळ्या रंगाच्या अगदी कडेला आहे. मॅकेलर यांचं म्हणणं होतं की रेणू खरोखर हाच असेल, तर तिच्या शेजारी, ३८७.४० नॅनोमीटरच्या आसपास, आणखी एक फिकट रेषा असायला हवी. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर ॲडम्स यांच्याकडे तेव्हाची सर्वांत मोठी, शंभर इंची दुर्बीण होती. त्यांनी शोध घेतला आणि फिकट रेषा सापडली. दोन रेषांच्या तीव्रतेचा त्यांचा अंदाज होता पाचास एक. फोटोच्या काचेवर बघून केलेला हा अंदाज होता, काटेकोर मोजमाप नव्हे.

१९४१ मध्ये मॅकेलर यांनी या पाचास एकवरून गणित केलं. उत्तर आलं २.३ केल्विन, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या जरासं वर. त्या गणितात नेमकं काय होतं, ते सावकाश पाहू.

सायनोजेनचा रेणू व्यायामशाळेतल्या डंबेलसारखा असतो, दोन टोकांना दोन अणू. हे डंबेल गरगरतं, पण वाटेल त्या वेगाने नाही. पुंजयांत्रिकीच्या नियमाने त्याला ठरावीक ऊर्जेच्याच पायऱ्या मिळतात. सर्वांत खालची पायरी म्हणजे अजिबात न फिरणं. तिला शून्य पातळी म्हणू. तिच्या वरची पहिली पातळी, मग दुसरी, अशी चढण पुढे चालू राहते. ठळक रेषा शून्य पातळीतल्या रेणूंमुळे उमटते, फिकट रेषा पहिल्या पातळीतल्या रेणूंमुळे. म्हणजे दोन रेषांची तुलना करणं म्हणजे त्या दोन पातळ्यांवर किती किती रेणू आहेत, हे मोजणंच आहे.

दोन पातळ्यांवरच्या संख्यांचं गुणोत्तर किती असावं, याचा नियम लुडविग बोल्ट्झमन यांनी १८६८ मध्ये मांडला :

n₁/n₀ = (g₁/g₀) × e^(−ΔE/kT)

डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या पातळीवरच्या रेणूंच्या संख्या आहेत. ΔE म्हणजे दोन पातळ्यांच्या ऊर्जेतला फरक, T म्हणजे केल्विनमधलं तापमान, k हा बोल्ट्झमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा स्थिरांक आणि e ही २.७१८ ही गणितातली संख्या. g काय आहे, ते थोड्या वेळाने.

घातांक का आला, हे समजून घेण्यासारखं आहे, आणि त्याला फारसं गणित लागत नाही. समजा, एखाद्या रेणूकडे ठरावीक ऊर्जा असण्याची शक्यता फक्त त्या ऊर्जेवरच अवलंबून आहे, बाकी कशावर नाही. आता एकमेकांशी संबंध नसलेले दोन रेणू घ्या. दोघांची मिळून ऊर्जा काढायची तर बेरीज करावी लागते. दोघांच्या शक्यता एकत्र काढायच्या तर गुणाकार करावा लागतो. म्हणजे आपल्याला असं सूत्र हवं, ज्यात ऊर्जांची बेरीज केली की शक्यतांचा गुणाकार व्हावा. घातांकाचं काम नेमकं तेच आहे, आणि या अटीत दुसरं कुठलंही सरळ सूत्र बसत नाही. ऊर्जेची तेवढीच पायरी पुन्हा चढायची तर संख्येला पुन्हा त्याच पटीने कात्री लागते. ती कात्री किती धारदार, ते तापमान ठरवतं.

आता सायनोजेनचे आकडे घालू. शून्य आणि पहिल्या पातळीतला ऊर्जेचा फरक k ने भागला की ५.४४ केल्विन येतात. फरक अशा प्रकारे तापमानाच्या एककात लिहिण्याची सवय या क्षेत्रातल्या लोकांना असते, आणि ती फार सोयीची आहे. तापमान ५.४४ हून खूप जास्त असेल, तर रेणूंना ही पायरी जाणवतही नाही. खूप कमी असेल, तर ती चढवत नाही. याच रेणूत वरच्या इलेक्ट्रॉनिक पातळीत जायचं झालं, म्हणजे तो जांभळा प्रकाश गिळून जिथे पोचतो तिथे, तर फरक सदतीस हजार केल्विनचा आहे. थंड ढगातल्या एकाही रेणूला उष्णतेच्या बळावर तिथे जाता येणार नाही. त्यामुळे ढगातले सगळे सायनोजेन खालच्याच घरात सापडतात आणि वर्णपटात इतक्या मोजक्या रेषा दिसतात.

राहिलं g. ऊर्जेची एक पातळी म्हणजे रेणूची एकच अवस्था, असं नसतं. शून्य पातळीत रेणू फिरतच नाही, तेव्हा कुठल्या दिशेने फिरतो, हा प्रश्नच उरत नाही. तिथे अवस्था एकच. पहिल्या पातळीत तो फिरतो, आणि त्याच्या फिरण्याच्या अक्षाला अवकाशात तीन वेगवेगळ्या मांडण्या मिळतात. तिन्हींची ऊर्जा अगदी सारखी. एकाच ऊर्जेच्या अशा अवस्थांच्या संख्येला डिजनरसी म्हणतात आणि g हे तिचं चिन्ह. चाळीत तळमजल्यावर एक खोली आणि पहिल्या मजल्यावर तीन खोल्या असल्या, तर जिना चढायचा कंटाळा असूनही वर बिऱ्हाडं जास्त असू शकतात. दुसऱ्या पातळीत पाच अवस्था असतात, तिसऱ्या पातळीत सात. सायनोजेनमध्ये एका सुट्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीमुळे प्रत्येक पातळीच्या अवस्था दुप्पट होतात, पण ती दुप्पट वर-खाली सारखीच असल्याने गुणोत्तर तीनच राहतं.

बोल्ट्झमनचा नियम खरं तर एकेका अवस्थेला लागू होतो. घातांकाची कात्री प्रत्येक अवस्थेवर चालते आणि मग पातळीतल्या सगळ्या अवस्थांची बेरीज होते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत की उत्तर चुकतं.

आता मॅकेलर यांचं गणित. रेषांची तीव्रता पाचास एक, म्हणजे फिकट रेषा ठळक रेषेच्या ०.२ पट. मात्र रेषांचं गुणोत्तर म्हणजे थेट रेणूंचं गुणोत्तर नव्हे. शून्य पातळीतला रेणू या पट्ट्यात एकाच रेषेत प्रकाश गिळू शकतो. पहिल्या पातळीतल्या रेणूला दोन वाटा असतात. त्याची दोन तृतीयांश ताकद आपल्या फिकट रेषेत जाते आणि उरलेली एक तृतीयांश जरा लांबच्या दुसऱ्या रेषेत. म्हणून ०.२ ला दोन तृतीयांशाने भागायचं. उत्तर ०.३. म्हणजे शून्य पातळीत हजार रेणू असतील, तर पहिल्या पातळीत तीनशे.

या ०.३ ला आधी तीनने भागू, कारण वर तीन अवस्था आहेत. एका अवस्थेच्या वाट्याला ०.१ येतं. e चा कितवा ऋण घात ०.१ होतो? उणे २.३. म्हणजे ५.४४ भागिले तापमान बरोबर २.३, आणि तापमान सुमारे २.३६ केल्विन. स्थिरांकांच्या आणि अंदाजांच्या बारीकसारीक फरकामुळे मॅकेलर यांनी २.३ लिहिलं. तीनने भागायला विसरलो असतो, तर ०.३ साठी घात उणे १.२ आला असता आणि तापमान ४.५ केल्विन, जवळपास दुप्पट. डिजनरसी म्हणजे केवळ शेवटी लावायची किरकोळ दुरुस्ती नाही, हे इथे आकड्यांत दिसतं.

हे २.३ केल्विन कशाचं तापमान? तेव्हा त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. रेणूंच्या वर्णपटांवरचा प्रमाण ग्रंथ मानला जाणारं गेऱ्हार्ड हर्झबर्ग यांचं पुस्तक १९५० मध्ये निघालं. त्यात या आकड्याची दखल आहे, पण त्याला फारच मर्यादित अर्थ आहे, असा शेराही आहे. हर्झबर्ग यांना पुढे १९७१ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या शेऱ्याला हसणं सोपं आहे, पण मला तो शेरा त्या वेळच्या माहितीत रास्त वाटतो. वायूचे कण वेगाने धावत असतात, त्यावरून ढगाचं तापमान काढलं तर ते कितीतरी जास्त येतं. मग त्याच ढगातला सायनोजेन दोन-अडीच केल्विनवर का? एका ढगाला दोन तापमानं कशी?

उत्तर वेगांच्या शर्यतीत आहे. सायनोजेनचा रेणू पहिल्या पातळीत एकटा सोडला, तर साधारण एका दिवसात तो २.६४ मिलिमीटर तरंगलांबीचं प्रारण बाहेर टाकून शून्य पातळीत उतरतो. त्याला वर ठेवायचं तर दिवसाला एकदा तरी कोणीतरी ढकलायला हवं. ढग इतका विरळ आहे की दुसरा कण येऊन आपटेपर्यंत रेणू केव्हाच उतरून गेलेला असतो. म्हणून वायूच्या तापमानाचा त्याच्या पातळ्यांशी फारसा संबंध उरत नाही. पातळ्यांवरची संख्या ठरवतं ते आजूबाजूचं २.६४ मिलिमीटरचं प्रारण. ते प्रारण ज्या तापमानाचं, तेच तापमान रेणू दाखवतो. अवकाशात असं प्रारण असेल, अशी कल्पना त्या काळी वर्णपटांवर काम करणाऱ्यांच्या मनात नव्हती.

१९६५ मध्ये न्यू जर्सीत बेल लॅबोरेटरीजच्या आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं सुमारे साडेतीन केल्विनचं प्रारण सापडलं. विश्वाच्या आरंभीच्या उष्ण अवस्थेचा हा अवशेष. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज फील्ड, पॅट्रिक थॅडियस वगैरे मंडळींनी आणि सोव्हिएत युनियनमध्ये इओसिफ श्क्लोव्हस्की यांनी जुन्या सायनोजेन रेषांकडे नव्याने पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या काचांवर हेच प्रारण नोंदलं गेलेलं होतं. त्या वेळी सायनोजेनचं महत्त्व आणखी एका कारणाने होतं. पेन्झियस-विल्सन यांचं मोजमाप एकाच, लांब तरंगलांबीवरचं होतं. सायनोजेनने २.६४ मिलिमीटरवरचा बिंदू दिला. तिथे जमिनीवरून थेट मोजायचं तर पृथ्वीचं वातावरण आड येतं. रेणू मात्र त्या ढगात बसून मोजतो आणि आपल्याला ते जांभळ्या प्रकाशात कळवतो.

अंदाजाचं मोजमाप व्हायला बराच काळ गेला, आणि मध्ये अडचणी होत्या. पहिली म्हणजे ठळक रेषा पुरती काळी होऊ लागली की तिथे आणखी रेणू असले तरी ती त्या प्रमाणात गडद होत नाही. तेवढे रेणू हिशोबातून निसटतात. ठळक रेषा खऱ्यापेक्षा कमी भरली की फिकट रेषेचा वाटा फुगतो आणि तापमान जास्त निघतं. यावर उपाय म्हणजे पहिल्या पातळीतून निघणाऱ्या दोन्ही रेषा ताडून पाहणं. त्यांचं आपसातलं प्रमाण दोनास एक असायलाच हवं. ते बिघडलं असेल, तर रेषा दबली आहे आणि दुरुस्ती करावी लागणार, हे कळतं.

दुसरी अडचण टकरींची. ढग जरा दाट असेल, इलेक्ट्रॉन जास्त असतील, तर ते रेणूंना वर ढकलतात आणि पुन्हा तापमान जास्त दिसतं. लक्षात घ्या, दोन्ही चुका एकाच बाजूला ओढतात. मग खात्री कशी करायची? ढगातला सायनोजेन पार्श्वभूमीच्या प्रारणापेक्षा गरम झाला असेल, तर तो स्वतः २.६४ मिलिमीटरवर जादा प्रारण सोडू लागेल. तिथे रेडिओ दुर्बीण लावून ते शोधता येतं. शिवाय वेगवेगळ्या ताऱ्यांच्या दिशेचे वेगवेगळे ढग घेतले, तर टकरी सगळीकडे सारख्या असण्याचं कारण नाही. तरीही तापमान सगळीकडे सारखंच येत असेल, तर ते ढगांचं नव्हे, सगळ्यांच्या भोवतीच्या प्रारणाचं असणार.

अशा सगळ्या दुरुस्त्या करून रॉथ, मेयर आणि हॉकिन्स यांनी १९९३ मध्ये सायनोजेनवरून २.७२९ केल्विन हा आकडा काढला. कोबे उपग्रहाच्या थेट मोजमापाचा अंतिम आकडा २.७२५ आहे. या तापमानाला आपलं गुणोत्तर किती येतं, पाहा. ५.४४ भागिले २.७२५ म्हणजे जवळजवळ दोन. e चा उणे दुसरा घात ०.१३६. तीनने गुणलं की ०.४०८. शून्य पातळीत हजार रेणू, तर पहिल्या पातळीत चारशे आठ. दुसरी पातळी शून्य पातळीपासून १६.३ केल्विनवर आहे आणि तिच्यात पाच अवस्था आहेत. पाचपट सवलत मिळूनही तिथे हजारामागे बारा-तेरा रेणूच उरतात, इतकी कात्री धारदार आहे. (e ची किंमत २.७१८ आणि तापमान २.७२५, यात काही गूढ शोधू नये. केल्विनचं माप माणसाने ठरवलं आहे.)

या तापमापकाला मर्यादाही आहे. अडीच-तीन केल्विनच्या आसपास गुणोत्तर मोजताना दहा टक्के चूक झाली, तरी तापमानात फक्त पाच टक्के चूक होते. हाच रेणू १०० केल्विनच्या समतोलात ठेवला तर गुणोत्तर २.८४ येतं, २०० केल्विनला २.९२. तापमान दुप्पट झालं आणि गुणोत्तर तीन टक्केही हललं नाही. रेषा कितीही चांगल्या मोजल्या, तरी तिथे या रेणूवरून तापमान सांगणं व्यर्थ. तापमान कितीही वाढवलं तरी गुणोत्तर तीनच्या पुढे जात नाही. ते तीनच्या वर दिसलं, तर तिथे समतोल नाही, कोणीतरी रेणूंना जबरदस्तीने वर चढवलं आहे, असं समजावं. ज्याला जे तापमान मोजायचं आहे, त्याने त्याच सुमाराच्या ऊर्जाफरकाची पातळी निवडावी लागते.

नेमकी अशी निवड पुण्याच्या आयुकातले आर. श्रीआनंद आणि त्यांचे युरोपातले सहकारी यांनी केली, मात्र कितीतरी दूरच्या ढगासाठी. विश्व प्रसरण पावत असेल, तर पूर्वी ते प्रारण जास्त उष्ण असलं पाहिजे. प्रकाशाची ताम्रसृती २.४ असलेल्या ढगात, म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या काळात, ते २.७२५ च्या ३.४ पट असायला हवं, सुमारे ९.३ केल्विन. चिलीमधल्या व्हीएलटी दुर्बिणीतून एका क्वेसारच्या प्रकाशात त्यांना अशाच ढगातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा सापडल्या. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. कार्बन मोनॉक्साइडच्या पहिल्या पायरीचा फरक ५.५३ केल्विन आहे, सायनोजेनच्या अगदी जवळ, आणि वर तीन अवस्था इथेही आहेत. रेषांवरून तापमान निघालं ९.१५ केल्विन, कमी-अधिक ०.७.

या आकड्याने गुणोत्तर काढून पाहा. ५.५३ भागिले ९.१५ म्हणजे ०.६. e चा उणे ०.६ वा घात ०.५५. तीनने गुणलं की १.६४. वरच्या पातळीत खालच्यापेक्षा जास्त रेणू! नियम कुठेही मोडलेला नाही. वरच्या एकेका अवस्थेत खालच्यापेक्षा कमीच रेणू आहेत, फक्त वर अवस्था तीन आहेत. या रेणूत दोन्ही पातळ्यांवर सारखे रेणू असतील, असं तापमान आहे साधारण ५ केल्विन. आजच्या २.७ केल्विनला खालची पातळी जास्त भरलेली असते, त्या जुन्या ढगात वरची होती.

या मोजमापात सायनोजेनपेक्षा जास्त जपावं लागतं. कार्बन मोनॉक्साइड वरच्या पातळीतून आपणहून उतरायला एक दिवस नव्हे, सुमारे पाच महिने घेतो. तेवढ्या अवधीत टकरींना पुष्कळ वाव मिळतो. म्हणून ढगाची घनता आणि वायूचं तापमान दुसऱ्या रेषांवरून, मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूवरून आणि कार्बनच्या अणूवरून, आधी काढावं लागतं आणि टकरींचा वाटा वजा करावा लागतो. तो वाटा जेवढा मोठा धरावा, तेवढं प्रारणाचं तापमान थोडं खाली सरकतं. एकेका ढगाच्या आकड्यात त्यामुळे दशांशांची ओढाताण चालू राहते, आणि वेगवेगळ्या ताम्रसृतीचे आणखी ढग शोधले जातात ते याचसाठी.